पैठणीचे फोटो वेबपीमध्ये: फाइलचा आकार आणि दिसणारा दर्जा यांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साड्या विकणाऱ्या संकेतस्थळाचे फोटो वेबपी स्वरूपात आणताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणासाठी मुद्दाम पैठणी निवडली आहे. बारीक जर, भडक रंगाचे अंग, काठावर लाल रंगाला खेटून बसलेला पोपटी रंग आणि मागे बहुधा एकरंगी पडदा, अशा तिच्या फोटोत वेबपीच्या जवळजवळ सगळ्या कच्च्या बाजू एकत्र येतात. पैठणी नीट जमली की बाकीचे बहुतेक फोटो त्यामानाने सोपे जातात.

जेपेग चालत असताना वेबपी कशासाठी?

दिसायला सारखाच दर्जा ठेवून फाइल लहान होते, एवढेच कारण आहे. गूगलने हे स्वरूप सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केले. त्याचा पाया व्हीपी८ या व्हिडिओच्या कोडेकचा आहे. वेबपीचा फोटो म्हणजे एका अर्थी त्या व्हिडिओची एकच चौकट असते. शेजारच्या भागावरून पुढच्या चौकोनातील रंगांचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला असेल तेवढाच फरक नोंदवायचा, अशी तिची रीत आहे. सारख्या दर्जाला जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान फाइल, असा गूगलचा स्वतःचा दावा आहे, परंतु तो सरासरीचा आहे. एकरंगी पडद्यासमोरच्या फोटोत बचत भरघोस होते, तर पदराच्या जवळून घेतलेल्या, जरीने भरलेल्या फोटोत ती बरीच कमी असते, कारण जिथे प्रत्येक धागा वेगळा चमकतो तिथे शेजारच्या भागावरून अंदाज बांधण्याला फारसा वाव राहत नाही.

आधी काय करावे: लांबी-रुंदी कमी करावी की दर्जाचा आकडा?

आधी लांबी-रुंदी. फोनवर काढलेला फोटो साधारणतः ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे त्यात सुमारे १ कोटी २२ लाख पिक्सेल असतात. तोच १६०० × १२०० केला की १९ लाख २० हजार उरतात, म्हणजे साधारण सव्वासहापट कमी. एवढा फरक दर्जाच्या कोणत्याही आकड्याने पडत नाही, आणि पाहणाऱ्याला यात काही गमावल्याचे जाणवतही नाही, कारण त्याच्या पडद्यावर तेवढे पिक्सेल मावतच नव्हते.

किती पिक्सेल लागतील याचा हिशेब सोपा आहे. पानाच्या मांडणीत फोटोला ३६० पिक्सेल रुंदीची जागा असेल आणि फोनचा पडदा तिप्पट घनतेचा असेल, तर १०८० पिक्सेल रुंदी पुरते. संगणकावर ८०० पिक्सेलची जागा आणि दुप्पट घनतेचा पडदा धरला, तर १६०० लागतात. म्हणून एकाच फोटोच्या ५४०, १०८० आणि १६०० पिक्सेल रुंदीच्या तीन प्रती ठेवल्या म्हणजे बहुतेक गरज भागते. ग्राहकाने पदर मोठा करून पाहावा अशी सोय असेल, तर तेवढ्यापुरती एक चौथी मोठी प्रत ठेवावी आणि ती मागितल्यावरच उतरेल असे पाहावे.

`-q 80` म्हणजे ८० टक्के दर्जा का?

नाही, आणि जेपेगमधला ८० आणि वेबपीमधला ८० यांचाही एकमेकांशी संबंध नाही. वेबपी फाइल बनवणाऱ्या `cwebp` या आज्ञेत `-q` ला ० ते १०० मधला कोणताही आकडा देता येतो. काहीच दिले नाही तर ७५ धरला जातो. तो आकडा आतमध्ये कितपत काटछाट करायची या प्रमाणात बदलला जातो, आणि हा बदल सरळ रेषेत होत नाही. ७५ पर्यंत चढ सौम्य आहे. ७५ ओलांडला की तोच चढ एकदम तिप्पट तीव्र होतो. त्यामुळे ६० वरून ७५ वर जाताना फाइल जेवढी वाढते, साधारण तेवढीच किंवा त्याहून अधिक ती नुसत्या ७५ वरून ८० वर जाताना वाढते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ७५ च्या खाली शोध घेताना दहा-दहाच्या पायऱ्या चालतात, पण ७५ च्या वर दोन-तीनच्या पायऱ्यांनी जावे. दुसरे असे की, ‘काळजी नको म्हणून ९५ ठेवू’ हा विचार महागात पडतो: त्या टोकाला फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही.

आकडा वाढवला तरी काठावरच्या मुनियांच्या कडा पुसटच का राहतात?

हा प्रश्न साड्यांच्या फोटोंत सर्वांत जास्त येतो आणि त्याचे उत्तर `-q` मध्ये नाही.

वेबपीच्या ऱ्हासयुक्त प्रकारात, म्हणजे नेहमीच्या ज्या प्रकारात फाइल लहान करण्यासाठी थोडा तपशील सोडून दिला जातो त्यात, उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी होते, पण रंगाची नोंद दोन बाय दोनच्या चार पिक्सेलांत मिळून एकदाच होते. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. जेपेगमध्ये ही काटछाट टाळता येते. ऱ्हासयुक्त वेबपीमध्ये ती टाळण्याची सोयच नाही, मग `-q` १०० का असेना.

बहुतेक फोटोंत हे कळत नाही, कारण वस्तूच्या कडेला रंगासोबत उजेडही बदलतो आणि डोळा उजेडावरून कड ओळखतो. पैठणीच्या काठावर मात्र अनेकदा तसे होत नाही. शुद्ध लाल रंग (२५५, ०, ०) घेतला तर वेबपीच्या सूत्रानुसार त्याचा उजेड सुमारे ८२ येतो. मध्यम हिरवा (०, १३०, ०) घेतला तर त्याचाही उजेड ८२ च येतो. म्हणजे लाल अंगावर हिरवी मुनिया विणलेली असेल, तर आपल्याला जी ठसठशीत कड दिसते ती केवळ रंगाची कड आहे; उजेडाच्या नोंदीत ती जवळजवळ नाहीच. आणि रंगाच्या नोंदीत ती दोन पिक्सेलांच्या जाडीने पसरते. परिणामी चोचीजवळ आणि पंखांच्या टोकांना लाल व हिरवा मिसळून एक मळकट तपकिरी झाक येते. राणी रंगावरच्या जरीच्या एकेरी धाग्यांचेही असेच होते: धाग्याची चमक टिकते, पण त्याचा सोनेरीपणा शेजारच्या राणी रंगात विरतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला `-sharp_yuv` हा पर्याय. तो दिल्यावर रंगांचे रूपांतर अधिक वेळ घेऊन, पुन्हा पुन्हा पडताळून केले जाते आणि कडेजवळचा उजेड अशा बेताने बसवला जातो की रंगाची उणीव कमी भासावी. चार पिक्सेलांत एक रंग ही मर्यादा तशीच राहते, पण कडा नजरेला बऱ्याच स्वच्छ वाटतात.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटेल. फोटोची रुंदी वाढवावी आणि `-q` कमी करावा. पानावर ८०० पिक्सेलच्या जागेत १६०० पिक्सेलचा फोटो बसवला, तर रंगाची नोंद प्रत्यक्षात ८०० च्या रुंदीने होते, म्हणजे दिसणाऱ्या जागेपुरती ती पूर्ण असते. त्यामुळे ८०० रुंदी आणि `-q 92` यापेक्षा १६०० रुंदी आणि `-q 70` ही जोडी पैठणीच्या काठासाठी अनेकदा सरस ठरते, मग पाहणाऱ्याचा पडदा साध्या घनतेचा असला तरीही. दोन्ही करून, फाइलचे आकार शेजारी मांडून ठरवावे. भडक रंग नसलेल्या साडीला हा फायदा दिसेलच असे नाही.

एका फोटोवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय करावे लागते, ते दाखवता येईल का?

पदराचा जवळून घेतलेला, ४०३२ × ३०२४ चा एक जेपेग आहे असे समजू. प्रथम इमेजमॅजिक या साधनाच्या `magick` आज्ञेने तो सरळ करून, रंगांची व्यवस्था नेहमीच्या एसआरजीबीमध्ये आणून, १६०० रुंदीचा एक पीएनजी बनवावा. मधला टप्पा पीएनजीचा असल्यामुळे या पायरीवर दर्जाची घट होत नाही.

```
magick padar.jpg -auto-orient -profile sRGB.icc -resize 1600x -strip padar-1600.png
```

`sRGB.icc` ही फाइल त्याच फोल्डरमध्ये असावी लागते. त्यानंतर वेगवेगळ्या आकड्यांच्या काही प्रती काढाव्यात:

```
for q in 60 75 80 85 90; do
  cwebp -preset photo -q $q -m 6 -sharp_yuv padar-1600.png -o padar-$q.webp
done
```

`-preset` सर्वांत आधी लिहावे, कारण ते नंतर लिहिले तर आधीच्या पर्यायांवर पाणी फिरते. `-m 6` म्हणजे सर्वांत सावकाश आणि कसून केलेले काम. नेहमीचा आकडा ४ असतो. दुकानाचे फोटो एकदाच बनवायचे असतात, तेव्हा दोन-चार सेकंद जास्त गेल्याने काही बिघडत नाही.

आता फाइलचे आकार पाहावेत. समजण्यासाठी असे धरू की ६० ला २१५ केबी, ७५ ला २६०, ८० ला ३२०, ८५ ला ३९५ आणि ९० ला ५१० केबी आले. प्रत्येक फोटोला हे आकडे वेगळे येतील, पण चढण साधारण अशीच असते. ७५ नंतर ती कशी उभी होते ते येथे दिसते: पहिल्या पंधरा अंकांना ४५ केबी लागले आणि पुढच्या पाचच अंकांना ६०.

पाहणीची सुरुवात वरून करावी. ९० ची प्रत पीएनजीशेजारी ठेवली तर फरक सापडत नाही. ८५ लाही नाही. ८० ला जरीच्या जाळीत एखाद्या ठिकाणी धागे किंचित एकमेकांत मिसळलेले दिसतात, पण ते कुठे पाहायचे हे माहीत असेल तरच. ७५ ला निऱ्यांच्या सावलीतला विणीचा पोत सपाट होऊ लागतो आणि ६० ला पदराचा तो भाग छापील कापडासारखा दिसतो. हातमागाची पैठणी विकणाऱ्यासाठी ही शेवटची गोष्ट फारच वाईट, कारण वीण हातची आहे हे ग्राहक त्या पोतावरूनच जोखतो. अशा वेळी पदराच्या फोटोला ८० आणि त्याच साडीच्या पूर्ण लांबीच्या फोटोला ७० ते ७५, असा निर्णय योग्य ठरेल. यादीच्या पानावरच्या ५४० रुंदीच्या लहान फोटोंना ७० पुरते.

एकच आकडा सगळ्या फोटोंना लावण्यापेक्षा फोटोंचे असे दोन-तीन गट पाडून प्रत्येक गटाला एक आकडा ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे. प्रत्येक फोटोसाठी वेगळा शोध घेण्याइतका वेळ कोणत्याही दुकानदाराकडे नसतो, आणि त्याची गरजही नसते.

फरक डोळ्यांनी तपासताना काय पाहावे?

फोटो ४०० टक्के मोठा करून पाहू नये. तेवढ्या मोठेपणात प्रत्येक प्रत खराब दिसते आणि माणूस घाबरून आकडा वाढवत सुटतो. ग्राहकाला तो ज्या आकारात दिसणार आहे त्याच आकारात, आणि शक्य तर साध्या किमतीच्या फोनवर पाहावा. मूळ पीएनजी आणि वेबपी ब्राउझरच्या दोन शेजारच्या टॅबांत उघडून, नजर एका जागी स्थिर ठेवून कळफलकावरून टॅब बदलत राहावे. दोन फोटो बाजूबाजूला ठेवून जे दिसत नाही ते असे आलटून पालटून पाहिल्यावर चटकन दिसते, कारण जिथे बदल झाला ती जागा हलल्यासारखी वाटते.

संपूर्ण फोटोवर नजर फिरवण्याऐवजी चार जागा ठरवून घ्याव्यात: जरीची सर्वांत दाट जागा, लाल-हिरव्याची एखादी कड, निऱ्यांमधली गडद सावली आणि मागच्या पडद्याचा कोपरा. गडद सावली विशेष पाहावी. जेपेग खराब झाला की चौकोन दिसतात, त्यामुळे लगेच कळते. वेबपीमध्ये चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारी चाळणी असते. ती चौकोन लपवते, पण त्यासोबत मंद पोतही पुसते. म्हणून वेबपीचा बिघाड ‘खराब झाले’ असा न दिसता ‘मेणासारखे झाले’ असा दिसतो, आणि मूळ फोटो समोर नसेल तर तो लक्षातही येत नाही.

मोजमाप करून आकडा आपोआप ठरवता येत नाही का?

काही अंशी येतो. `cwebp` ला `-print_ssim` दिले तर मूळ आणि नवीन प्रतीतील साम्याचा आकडा छापला जातो. `-size` देऊन ठरावीक बाइटांचे लक्ष्यही सांगता येते, पण पैठणीच्या कामात ते टाळावे: सर्व फोटोंना सारखी फाइल म्हणजे साध्या फोटोला गरजेपेक्षा जास्त आणि जरीच्या फोटोला कमी, असा उफराटा न्याय होतो. साम्याचा आकडा संपूर्ण फोटोची सरासरी सांगतो. फोटोचा बहुतांश भाग साधा पडदा असेल, तर काठ बिघडूनही सरासरी उत्तम येते. शेकडो फोटोंतून संशयास्पद वेगळे काढायला ही मोजमापे उपयोगी आहेत. निवाडा मात्र त्या चार जागा पाहूनच करावा.

साडी छान दिसते, पण मागच्या पडद्यावर पट्टे उमटतात. हे कसे घालवावे?

हळूहळू गडद होत जाणाऱ्या राखाडी किंवा फिकट पडद्यावर, विशेषतः त्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, रंगाच्या छटा सलग न उतरता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात. याचे एक कारण असे की ऱ्हासयुक्त वेबपी उजेडाच्या २५६ पातळ्यांपैकी १६ ते २३५ एवढ्याच वापरतो, म्हणजे छटा मुळातच कमी. दुसरे कारण काटछाटीचे: सपाट भागातला सूक्ष्म चढउतार तिला बिनमहत्त्वाचा वाटतो.

यावरचा इलाज म्हणजे रूपांतराच्या वेळी अत्यंत बारीक, विस्कळीत दाणे मिसळणे. त्यामुळे पायरीची कड मोडते आणि डोळ्याला ती सलग वाटते. `-pre 2` या पर्यायाने हे होते, आणि `-preset photo` दिले असेल तर ते आपसूकच चालू असते. मात्र येथे एक मेख आहे, जी आज्ञेच्या माहितीपत्रकावरून सहज कळत नाही: `-sharp_yuv` दिले की रूपांतर दुसऱ्या मार्गाने होते आणि हे दाणे मिसळलेच जात नाहीत. दोन्ही पर्याय लिहिले तरी चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही. म्हणून कड हवी की पडदा, हे फोटोगणिक ठरवावे लागते. पदराच्या जवळच्या फोटोत पडदा दिसतच नाही, तिथे `-sharp_yuv` वापरावे. पूर्ण साडीच्या, मोठा पडदा असलेल्या फोटोत ते काढून टाकावे:

```
cwebp -preset photo -q 75 -m 6 sadi-1600.png -o sadi-1600.webp
```

एवढे करूनही पट्टे राहिले, तर पुढच्या वेळी फोटो काढताना सपाट पडद्याऐवजी किंचित खरखरीत कापड किंवा भिंत घ्यावी. त्यासाठी फाइल थोडी मोठी होईल, पण पट्ट्यांचा प्रश्न मुळापासून सुटतो.

फोटो आडवा झाला, किंवा रंग फिके पडले. दर्जाचा आकडा कमी पडला का?

दोन्हींचा दर्जाशी संबंध नाही. फोन उभा धरून काढलेला फोटो अनेकदा आडवाच साठवलेला असतो आणि तो फिरवून दाखवावा अशी एक टीप फाइलमध्ये असते. `cwebp` ला वेगळे काही सांगितले नाही तर ते अशा सर्व टिपा टाकून देते, आणि फोटो आडवा उरतो. वरच्या आज्ञेतील `-auto-orient` पिक्सेलच फिरवून ठेवते, त्यामुळे टीप गेली तरी चालते.

रंगांचेही तसेच. आयफोनसारखे फोन डिस्प्ले पी३ या अधिक विस्तृत रंगपटात फोटो काढतात आणि तो रंगपट कोणता, हे सांगणारी प्रोफाइल सोबत जोडतात. प्रोफाइल गळून पडली की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून दाखवतो आणि राणी रंग उदास दिसतो. साडी घरी पोहोचल्यावर ‘रंग फोटोतल्यासारखा नाही’ अशी तक्रार आली, तर पहिली शंका येथेच घ्यावी. आधी एसआरजीबीमध्ये रूपांतर करावे, किंवा प्रोफाइल जपण्यासाठी `-metadata icc` द्यावे.

विणकराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो वेबपी केल्यावर मोठा झाला. असे कसे?

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आधीच बारीक करून पिळलेली असते. तिच्यात जरीच्या धाग्यांसोबत जेपेगचे चौकोन आणि कडांभोवतीची धूसर वलयेही असतात. वेबपीच्या दृष्टीने हाही तपशीलच, म्हणून ते जपण्यासाठी ते बाइट खर्च करते. `-q 90` ठेवला तर मूळ जेपेगपेक्षा मोठी फाइल आणि तरीही किंचित वाईट चित्र, असा दुहेरी तोटा होतो. अशी प्रत जेपेगच राहू द्यावी, किंवा `-q 70` च्या आसपास एकदा करून फाइल खरोखर लहान होते का ते पाहावे. सर्वांत चांगले म्हणजे विणकराला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

त्याच न्यायाने वेबपीवरून पुन्हा वेबपी बनवू नये. मूळ फोटो वेगळ्या जागी जपून ठेवावेत आणि प्रत्येक नवीन प्रत त्यांच्यावरूनच काढावी.

लॉसलेस वेबपी वापरला तर सगळेच प्रश्न मिटतील ना?

दर्जाचे मिटतील, आकाराचे उभे राहतील. फोटोसाठी लॉसलेस, म्हणजे कोणताही तपशील न सोडणारी, फाइल ऱ्हासयुक्त फाइलच्या कितीतरी पट मोठी होते. दुकानाचे बोधचिन्ह, मापांचा तक्ता किंवा अक्षरे असलेली जाहिरात यांना मात्र ती योग्य आहे. तेथे ती अनेकदा पीएनजीपेक्षा लहान असते आणि लाल अक्षरांच्या कडाही पुसट होत नाहीत.

वर्डप्रेसवर तयार वेबपी चढवला, तरी पानावर वेगळीच फाइल दिसते. का?

वर्डप्रेस ५.८ या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२१ पासून, वेबपी थेट चढवता येतो. पण चढवलेल्या फाइलवरून वर्डप्रेस स्वतःच्या लहान प्रती बनवते आणि पानावर बहुधा त्याच दाखवते. या प्रती ८६ या आकड्याने बनतात. आपण `-q 75` ने कमावलेली बचत तेथे वाया जाते. कधी कधी १५३६ रुंदीची तिची प्रत आपल्या १६०० च्या मूळ फाइलपेक्षा जड निघते, आणि काटछाट दोनदा झालेली असते ती वेगळीच. आकडा बदलण्यासाठी थीमच्या `functions.php` मध्ये एवढे पुरते:

```php
add_filter( 'wp_editor_set_quality', function ( $q, $mime ) {
  return 'image/webp' === $mime ? 76 : $q;
}, 10, 2 );
```

ही दुरुस्ती त्यानंतर चढवलेल्या फोटोंनाच लागू होते. जुन्या फोटोंच्या प्रती नव्याने बनवून घ्याव्या लागतात. आणि वर्डप्रेस `-sharp_yuv` वापरत नसल्यामुळे, काठाचे महत्त्वाचे फोटो चढवताना शक्यतो मूळ आकाराचीच प्रत पानावर लावावी.

जुन्या ब्राउझरांसाठी जेपेग ठेवावा का?

फायरफॉक्समध्ये वेबपी २०१९ च्या जानेवारीत आले आणि सफारीमध्ये २०२० मध्ये, चौदाव्या आवृत्तीत. त्याआधीचा आयफोन किंवा मॅक वापरणारे ग्राहक आता थोडेच असतील, पण साडी घेणाऱ्यांत जुना फोन जपून वापरणाऱ्या मंडळींचे प्रमाण कमी नसते, आणि पर्यायी जेपेग ठेवायला फारसा खर्च येत नाही. ब्राउझर आपल्याला समजणारी एकच फाइल उतरवतो, दोन्ही नव्हे.

```html
<picture>
  <source type="image/webp" sizes="(max-width: 840px) 100vw, 800px"
    srcset="padar-540.webp 540w, padar-1080.webp 1080w, padar-1600.webp 1600w">
  <img src="padar-1080.jpg" width="1600" height="1200" alt="राणी रंगाच्या पैठणीचा पदर">
</picture>
```

`sizes` गाळू नये. ते नसेल तर ब्राउझर फोटो पडद्याच्या पूर्ण रुंदीचा धरतो आणि यादीतल्या लहानशा चौकटीसाठीही १६०० ची प्रत उतरवतो. मग `-q` चे चार अंक कमी करून वाचवलेले केबी कुठे गेले ते शोधत बसावे लागते. तपासण्यासाठी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील `Network` हा भाग उघडून पान पुन्हा लोड करावे आणि प्रत्येक फोटोची कोणती प्रत, किती केबीची उतरली ते फोनच्या रुंदीत आणि संगणकाच्या रुंदीत असे दोन्हीकडे पाहावे.